क्रेडिट कार्डाचे रिवॉर्ड पॉइंट

रिवॉर्ड पॉइंट म्हणजे कार्डाने केलेल्या खरेदीच्या प्रमाणात बँकेने ग्राहकाच्या खात्यात जमा केलेले गुण होत. ते पुढे विमानाची तिकिटे, व्हाउचर, वस्तू किंवा बिलातील सवलत यांसाठी वापरता येतात. दुकानदार प्रत्येक व्यवहारावर आपल्या बँकेला शुल्क देतो आणि त्यातील मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. पॉइंटांचा खर्च मुख्यत्वे याच रकमेतून भागत असल्याने, जेथे हे शुल्क कमी मिळते तेथे बँक पॉइंट देण्यास सहसा राजी नसते.

भारतातील पुष्कळ कार्डांवर पॉइंट ठरावीक रकमेच्या टप्प्याने मिळतात. समजा, एका कार्डावर दर १५० रुपयांना ४ पॉइंट आहेत. किराण्याच्या १,३४० रुपयांच्या बिलात १५० चे ८ पूर्ण टप्पे बसतात, म्हणून ३२ पॉइंट जमा होतात आणि उरलेल्या १४० रुपयांवर काहीच मिळत नाही. हा हिशेब बहुधा महिन्याच्या एकूण खर्चावर न होता प्रत्येक व्यवहारावर वेगळा होतो, त्यामुळे १४० रुपयांची दहा छोटी बिले भरणाऱ्याच्या हाती एकही पॉइंट लागत नाही. खरेदी परत केली, तर तिचे पॉइंटही वजा होतात.

कोणता खर्च पॉइंटांस पात्र आहे, हे ग्राहकाने काय घेतले यावरून ठरत नाही. प्रत्येक व्यापाऱ्याला त्याच्या व्यवसायानुसार चार अंकी मर्चंट कॅटेगरी कोड दिलेला असतो आणि बँकेची यंत्रणा तोच पाहते. किराणा दुकान व सुपरमार्केटसाठी ५४११, पेट्रोल पंपासाठी ५५४१, घरभाड्यासाठी ६५१३ असे हे कोड आहेत. पंपावरील दुकानातून बिस्किटे घेतली आणि कार्ड पंपाच्याच यंत्रावर चालवले, तर तो व्यवहार इंधनाचा ठरतो. पॉइंट का आले नाहीत, या तक्रारीचे मूळ बरेचदा येथेच सापडते. अशा वेळी व्यवहाराची तारीख आणि रक्कम देऊन त्याला कोणता कोड लागला, हे बँकेला विचारावे.

वगळलेल्या खर्चांत इंधन, घरभाडे, वॉलेटमध्ये भरलेले पैसे, सरकारी भरणा आणि हप्त्यांत रूपांतरित केलेली खरेदी हे प्रकार वारंवार आढळतात. एटीएममधून काढलेल्या रोख रकमेवर पॉइंट मिळत नाहीतच, शिवाय तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागते. विमा, वीजबिल व शाळेची फी यांबाबत कार्डागणिक फरक आहे. काही बँका त्यांवर पॉइंट देतात, पण दरमहा कमाल मर्यादा घालतात. भाडे आणि वॉलेट यांवर बंदी येण्याचे कारण उघड आहे. स्वतःचेच पैसे फिरवून पॉइंट गोळा करण्याची वाट त्यांतून निघत असे.

पॉइंटाचे मोल मात्र एकच नसते, आणि ग्राहकाचे सर्वाधिक नुकसान याच बाबीकडे दुर्लक्ष झाल्याने होते. वरील कार्डाचा पॉइंट बँकेच्या संकेतस्थळावरून विमान किंवा हॉटेल घेताना ५० पैशांचा आणि बिलातील सवलतीसाठी २० पैशांचा आहे, असे धरू. मग १५० रुपयांवरील ४ पॉइंट प्रवासासाठी २ रुपयांचे, म्हणजे सुमारे १.३३ टक्के, तर बिलासाठी केवळ ८० पैशांचे, म्हणजे सुमारे ०.५३ टक्के ठरतात. काही कार्डांवर पॉइंट वापरताना ९९ रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, असे एकूण ११६.८२ रुपये आकारले जातात. ते येथे लागू असल्यास ५०० पॉइंट बिलात वळवणाऱ्याला १०० रुपयांची सवलत मिळून उलट १६.८२ रुपयांचा तोटा होईल. ५८५ पॉइंटांपासून पुढेच काही पैसे पदरात पडतील. शुल्क दर वेळी लागत असल्याने पॉइंट थोडे थोडे न वापरता साठवून एकदम वापरणे किफायतशीर असते.

साठवण्यालाही कालमर्यादा आहे. अनेक कार्डांवर पॉइंट जमा झाल्यापासून दोन किंवा तीन वर्षांत वापरावे लागतात, तर काही कार्डांवर त्यांची मुदत संपतच नाही. मुदतीचे पॉइंट सगळे एकाच दिवशी बाद होत नाहीत. दोन वर्षांच्या मुदतीत मार्च २०२४ मध्ये जमा झालेले पॉइंट मार्च २०२६ मध्ये, एप्रिलचे एप्रिलमध्ये, असे महिन्यामागून महिना ते गळत जातात. म्हणून मासिक विवरणपत्रात एकूण शिलकीसोबत लवकरच मुदत संपणाऱ्या पॉइंटांचा आकडा दिलेला असल्यास तोही पाहावा. कार्ड बंद केल्यास न वापरलेले पॉइंट बहुतेक ठिकाणी रद्द होतात. ते बंद करण्याचा अर्ज देण्यापूर्वीच वापरावे लागतात.