'नाही' न म्हणता नाही: एका 'म्हणजे'ची चिरफाड

वक्तृत्व स्पर्धेच्या तयारीत गुरुजी पहिल्यांदा 'म्हणजे'वर काट मारतात. भाषण पाठ असतं, त्यामुळे ते खपून जातं. पण रोजच्या बोलण्यातून हा शब्द काढला तर काय होतं, हे बघायला मी कोल्हापुरातल्या चप्पल लाईनीतलं एक छोटं संभाषण घेतो. माझे मेहुणे कापशी चप्पल करून घेत होते. दोघांना विचारून मी फोनवर आवाज रेकॉर्ड केला आणि घरी बसून ओळ न् ओळ उतरवली. कंसातला आकडा गप्प राहण्याचा वेळ, सेकंदांत.

१. मेहुणे: मामा, जोड शनिवारपर्यंत मिळंल का?
(०.७)
२. कारागीर: म्हणजे... बघा, तळ तयार हाय.
३. मेहुणे: म्हणजे?
४. कारागीर: म्हणजे पट्टं ऱ्हायल्यात अजून.
५. मेहुणे: मग सोमवारी येऊ का?
६. कारागीर: सोमवारी, म्हणजे मंगळवारी या की. सोमवारी गावाला जाणार हाय मी.

मामांनी 'नाही' हा शब्द एकदाही उच्चारलेला नाही. तरी पाचव्या ओळीत मेहुणे शनिवार सोडून सोमवारवर आलेले आहेत, म्हणजे नकार पोचला. संभाषणाचा अभ्यास करणारे अर्थ ठरवताना बोलणाऱ्याच्या मनात शिरत नाहीत. पुढचा माणूस काय करतो ते बघतात. इथे पाचवी ओळ हाच पुरावा.

सुरुवात करू त्या ०.७ सेकंदापासून. २००९ मध्ये टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी जगातल्या १० भाषांत हो-नाही प्रश्नांची उत्तरं किती वेळात येतात ते मोजलं. त्यात डॅनिश, जपानी, लाओ होत्या, भारतातली एकही नव्हती. भाषेभाषेत फरक होता, पण सरासरी ०.२ सेकंदांच्या आसपास फिरत राहिली. आता गंमत अशी की नुसतं चित्र दाखवून त्यातल्या वस्तूचं नाव सांगायला लावलं तरी माणसाला साधारण ०.६ सेकंद लागतात. याचा अर्थ, समोरच्याचं वाक्य संपायच्या आधीच आपण उत्तराची जुळणी करत असतो. म्हणून इतका छोटा विलंबसुद्धा कानाला जाणवतो. 'हो' पटकन येतं. नकार रेंगाळतो, आडवळणानं येतो. मेहुण्यांना ०.७ सेकंदांतच शंका आली असणार.

पण नुसतं गप्प राहणं धोक्याचं. ऐकू आलं नाही असं समोरच्याला वाटेल, किंवा तो पुन्हा विचारेल. तिथे 'म्हणजे' कामाला येतं. ते जिभेवर तयार असतं, त्याला जुळणी लागत नाही. ते उच्चारलं की बोलायची पाळी मामांची झाली, आणि ऐकणाऱ्याला सूचना मिळाली की 'मिळेल' किंवा 'मिळणार नाही' अशा सरळ चौकटीत उत्तर येणार नाही, जरा थांब. इंग्रजीतलं 'वेल' उत्तराच्या तोंडाशी हेच करतं. डेबोरा शिफ्रिन यांनी फिलाडेल्फियातल्या लोकांच्या गप्पा रेकॉर्ड करून १९८७ मध्ये अशा शब्दांवर पुस्तक लिहिलं. प्रश्नानं देऊ केलेल्या पर्यायांत उत्तर बसत नसेल तिथे 'वेल' येतं, हे त्यांनी दाखवलं. त्याच पुस्तकातलं 'यू नो' वेगळं, ते ऐकणाऱ्यालाही ठाऊक असलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतं. आपल्याकडे ते काम वाक्याच्या शेवटचं 'ना' किंवा कोल्हापुरी 'न्हवं' करतं.

दुसऱ्या ओळीतून 'म्हणजे... बघा' काढून पाहा. 'जोड शनिवारपर्यंत मिळंल का?' 'तळ तयार हाय.' माहितीत काडीचाही फरक नाही, तळ तेवढाच तयार आहे. पण आता ऐकू येतं ते 'होईल की, काम झालंच आहे'. दोन शब्द गेले आणि नकाराचा होकार झाला.

तिसऱ्या ओळीतलं 'म्हणजे?' लिहिलं तर तेच, पण कानाला वेगळं. आवाज शेवटी वर चढतो आणि पुढे काही न बोलता पाळी मामांकडे परत जाते. मागचं बोलणं उलगडून सांगा, अशी ती मागणी आहे. चौथ्या ओळीचं 'म्हणजे' ती मागणी पुरवतं. त्यात आवाज सपाट राहतो आणि मध्ये न थांबता पुढचं वाक्य येतं. कानानं ओळखता आलं नाही तर संगणकावर Praat नावाची मोफत प्रणाली आहे. ती आवाजाचा चढउतार रेघेनं काढून दाखवते आणि थांबेही मोजता येतात.

सहाव्या ओळीत मामा स्वतःलाच दुरुस्त करतात. सोमवार चुकून निघाला, मंगळवार खरा. हे 'म्हणजे' काढलं तर उरतं 'सोमवारी, मंगळवारी या की'. मराठीत ते 'सोमवार-मंगळवारकडे कधीतरी या' असं ऐकू येतं, आणि सोमवारी मेहुण्यांची फेरी फुकट गेली असती. असे शब्द काढल्यानं वाक्याच्या खरेखोटेपणात फरक पडत नाही, असं भाषाशास्त्रात सर्रास सांगितलं जातं. दुसऱ्या ओळीला ते लागू पडतं. सहाव्या ओळीला मला तरी ते पटत नाही.

एकाच शब्दात ही सगळी कामं कुठून आली? जुन्या मराठीत रूप होतं 'म्हणिजे', अर्थ 'म्हटलं जातं'. 'पाहिजे'ही त्याच घडणीचं, मूळ अर्थ 'पाहिलं जातं'. 'अमुक म्हणिजे तमुक', अमुकला तमुक म्हटलं जातं, हा व्याख्येचा अर्थ तिथून सरळ येतो. व्याख्येवरून उलगडा, उलगड्यावरून दुरुस्ती, दुरुस्तीवरून सावध सुरुवात, अशी वाट समजायला अवघड नाही. कोल्हापूरकराला याचा शेजारपाजारचा दाखलाही ऐकायला मिळतो. निपाणीकडचा माणूस कन्नडमध्ये 'अंदरे' म्हणतो, शब्दशः 'म्हटलं तर', आणि ते बरंचसं आपल्या 'म्हणजे'सारखं वापरतो. तेलुगूतलं 'अंटे'ही तसंच. हिंदीनं मात्र 'मतलब' हे नाम कामाला लावलं, बोलण्याचं क्रियापद नाही.

घोटाळा होतो भाषांतरात. आपण इंग्रजी बोलताना सगळीकडे 'मीन्स' घालतो. 'मीन्स, आय विल कम ट्यूजडे.' इंग्रज गोंधळतो, कारण त्याच्याकडे दुसऱ्या ओळीसाठी 'वेल' आहे, सहावीसाठी 'आय मीन', आणि 'मीन्स' या दोन्ही जागी बसत नाही. मुलाखती छापणारेही 'म्हणजे' गाळून वाक्यं चकचकीत करतात. वाचायला बरं वाटतं, पण माणूस कुठे कचरला आणि कुठे स्वतःला सुधारत होता ते पुसलं जातं. सगळीच 'म्हणजे' कामाची असतात असं मात्र नाही. दर वाक्याला येऊ लागलं की ऐकणारा त्याच्यावरून काही ताडणं सोडून देतो, आणि मग गुरुजींची काट बरोबर ठरते.

मंगळवारी मी मेहुण्यांबरोबर पुन्हा गेलो. 'झाला का जोड, मामा?' त्यांचा प्रश्न पुरता संपला नव्हता तोच मामा म्हणाले, 'झालाय की!' फोन खिशातच होता. मोजायची गरज पडली नाही.