चार बाजू, एक लंब आणि लीलावतीतला पिशाच

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मेव्हण्याने सोलापुरात विजापूर रोडच्या आतल्या अंगाला एक प्लॉट बघितला. पुढचा रस्ता आणि मागची गल्ली समांतर, पण दोन्ही बाजूंच्या हद्दी तिरक्या. टेप लावली तर पुढे ७० फूट, मागे ४२, एका बाजूला ३० आणि दुसऱ्या बाजूला २६ भरले. एजंटने मोबाइलवर बोटं फिरवली आणि म्हणाला, "समोरासमोरच्या बाजूंची सरासरी काढायची आन् गुणायचं, बघा की. छप्पन्न गुणिले अठ्ठावीस, पंधराशे अडुसष्ट फूट." मेव्हण्याने तिथूनच मला फोन लावला, "दाजी, बरोबर आहे का ओ हे?"

बरोबर नव्हतं. त्या प्लॉटचं क्षेत्रफळ १३४४ चौरस फूट भरतं. मधले २२४ फूट म्हणजे एक ऐसपैस खोली. पण एजंटने हा नियम काही मनाने काढलेला नव्हता. तो निदान चौदाशे वर्षं जुना आहे. ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये ब्राह्मस्फुटसिद्धान्तात तो दिला आहे. फरक इतकाच, की ब्रह्मगुप्ताने त्याला 'स्थूल' म्हणजे ढोबळ फळ असं नाव देऊन ठेवलं होतं आणि एजंटने ते नाव गाळलं. आयतात हा नियम अचूक बसतो, कारण तिथे बाजू सरळ उभी असते. बाजू कलली की तिची लांबी उंचीपेक्षा जास्त होते आणि आपण उंचीच्या जागी तीच वाढीव लांबी धरून गुणतो. म्हणून या नियमाने उत्तर चुकलं, तर ते नेहमी जास्तीच्याच बाजूला चुकतं. विकणाऱ्यांमध्ये तो इतका टिकून का राहिला, हे वेगळं सांगायला नको.

समलंब चौकोनाचं खरं सूत्र तर याहूनही जुनं आहे. समांतर बाजूंच्या बेरजेचं अर्ध गुणिले उंची, हे इ.स. ४९९ च्या आर्यभटीयात आहे. त्याच्या कितीतरी आधी आपस्तंबाच्या शुल्बसूत्रात सोमयागाची महावेदी येते: एक बाजू २४ पावलं, समोरची ३०, दोन्हींमधलं अंतर ३६, क्षेत्रफळ ९७२. एका बाजूचा त्रिकोण कापून दुसरीकडे उलटा लावला की आयत होतो, अशी उपपत्तीही तिथे दिली आहे. पण वेदी आखणारा आधी पूर्व-पश्चिम दोरी ताणतो आणि मग तिच्या दोन टोकांना आडव्या बाजू बसवतो. म्हणजे उंची त्याच्या हातात पहिल्यापासूनच असते, तिरक्या बाजू मागाहून आपोआप तयार होतात. प्लॉटवर गोष्ट उलटी असते. तिरक्या बाजू मोजता येतात, उंची कुठेच आखलेली नसते. आठवीच्या वर्गात मुलं अडतात तीही इथेच. सूत्र पाठ असतं, पण त्यात घालायला उंची नसते.

नुसत्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ काढायचं म्हटलं की ब्रह्मगुप्ताचा दुसरा नियम पुढे येतो, ज्याला त्याने 'सूक्ष्म' म्हटलं. चारही बाजूंच्या बेरजेचं अर्ध घ्या, त्यातून एकेक बाजू वजा करा, चारही वजाबाक्यांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. सूत्र अप्रतिम आहे, पण चौकोनाचे चारही कोपरे एका वर्तुळावर असतील तरच ते लागू पडतं, आणि श्लोकात वर्तुळाचा उल्लेख नाही. पुढच्या पिढ्यांनी ते कुठल्याही चौकोनाला लावलं.

यावर भास्कराचार्य चिडले. शके १०७२, म्हणजे इ.स. ११५० च्या लीलावतीत त्यांनी या सूत्राचं फळ चौकोनात 'अस्फुट' आणि त्रिकोणात 'स्पष्ट' असतं, असं सांगून टाकलं. कारणही दिलं: चौकोनाचे कर्ण ठरलेले नसतात, मग क्षेत्रफळ ठरलेलं कसं असेल? चार काठ्यांची टोकं खिळ्यांनी जोडा आणि चौकट दाबून बघा. बाजू तेवढ्याच राहतात, आतली जागा बदलते. लंब किंवा कर्ण न सांगता जो चौकोनाचं क्षेत्रफळ विचारतो तो पिशाच, आणि जो उत्तर देतो तो त्याच्याहून मोठा, असं त्यांनी चक्क श्लोकात लिहिलं आहे. आमच्याकडे परीक्षेत 'बाजू दिल्या आहेत, क्षेत्रफळ काढा' एवढाच प्रश्न छापून आला की मला हा श्लोक आठवतो.

भास्कराचार्यांचं गाव विज्जडविड. ते म्हणजे चाळीसगावजवळचं पाटण की विजापूर, यावर विद्वानांचं अजून भांडण आहे. सोलापूरकराने विजापूरच्या बाजूने मत द्यावं हे ओघानेच आलं, पण पाटणच्या बाजूला त्यांच्या नातवाचा शिलालेख आहे, तेव्हा आपण गप्प बसलेलं बरं.

चिडल्यानंतर त्यांनी जे उदाहरण घेतलं ते मोठं मार्मिक आहे. भूमी म्हणजे खालची बाजू ६०, मुख म्हणजे वरची बाजू २५, आणि दोन्हीकडच्या भुजा ५२ आणि ३९. हा चौकोन पूर्वीच्यांनी ५६ आणि ६३ कर्णांचा म्हणून सांगितलेला होता. तसा घेतला तर त्याचे कर्ण काटकोनात छेदतात आणि क्षेत्रफळ येतं १७६४. ब्रह्मगुप्ताचं सूत्रही हेच आकडे देतं, कारण हा चौकोन वर्तुळात बसणारा आहे. भास्कराचार्य म्हणतात, याच चार बाजूंचे दुसरे कर्ण सांगा, आणि तो समलंब असेल तर तेही सांगा.

समलंबासाठी त्यांनी दिलेली युक्ती अशी: भूमीतून मुख वजा करा, उरेल ती नवी भूमी. तिच्यावर त्याच दोन भुजा ठेवून त्रिकोण करा. आजच्या भाषेत, वरच्या बाजूच्या एका टोकातून समोरच्या तिरक्या बाजूला समांतर रेषा खाली आणायची. समांतरभुज चौकोन बाजूला पडतो आणि एक त्रिकोण उरतो. त्या त्रिकोणाची उंची हीच समलंबाची उंची. चौकोन हलतो, त्रिकोण हलत नाही. सगळं गमक इथे आहे. 'समांतर' हा एक शब्द कर्णाच्या मापाइतकं काम करतो.

त्यांच्या उदाहरणात नवी भूमी ६० − २५ = ३५. लंब या भूमीचे दोन तुकडे करतो, त्यांना आबाधा म्हणतात. लंब दोन्हीकडे सारखाच असल्यामुळे भुजांच्या वर्गांमधला फरक आणि आबाधांच्या वर्गांमधला फरक एकच असतो. म्हणून भुजांची बेरीज गुणिले वजाबाकी, भागिले भूमी, की आबाधांमधला फरक मिळतो: ९१ × १३ ÷ ३५ = ३३.८. आबाधांची बेरीज ३५ आहेच, तेव्हा लहान आबाधा ०.६ आणि मोठी ३४.४. मग लंबाचा वर्ग ३९² − ०.६² = १५२०.६४ आणि लंब ३८.९९५. क्षेत्रफळ ४२.५ × ३८.९९५, म्हणजे जवळपास १६५७.३. बाजू त्याच, पण एकदा १७६४ आणि एकदा १६५७.

मेव्हण्याच्या प्लॉटला हेच लावलं. ७० − ४२ = २८. त्यावर २६ आणि ३० च्या भुजा. आबाधांमधला फरक ५६ × ४ ÷ २८ = ८, म्हणून आबाधा १० आणि १८. लंबाचा वर्ग ६७६ − १०० = ५७६, लंब २४ फूट. सरासरी ५६ × २४ = १३४४. वर्गात मुलं बहुधा हेरॉनच्या सूत्राने आधी त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढतात (इथे ३३६) आणि मग त्याची दुप्पट भागिले २८ करून उंचीवर येतात. उत्तर तेच. मला आबाधांची वाट बरी वाटते, कारण मोठ्या आकड्यांची वर्गमुळं टळतात आणि लंब कुठे पडतो तेही कळतं.

तो कधीकधी बाहेर पडतो. भूमी २०, मुख ११, भुजा १० आणि १७ घ्या. नवी भूमी ९, आबाधांमधला फरक २७ × ७ ÷ ९ = २१, म्हणून लहान आबाधा उणे ६ येते. मुलं इथे खोडरबर काढतात. पण चूक काही नाही. त्रिकोण विशालकोन आहे आणि लंबाचा पाय भूमीच्या बाहेर पडतो एवढंच. लीलावतीत नेमका हा ९, १०, १७ चा त्रिकोण आहे आणि आबाधा 'ऋणगत' म्हणून सोडवलेला आहे. लंब १०० − ३६ चं वर्गमूळ, म्हणजे ८. चौकोनाचं क्षेत्रफळ १५.५ × ८ = १२४.

खरी अडचण आली तर ती त्रिकोणच न होण्याची. त्यासाठीही भास्कराचार्यांनी अर्धा श्लोक खर्च केला: समलंबात मुख आणि मोठी भुजा यांची बेरीज, भूमी आणि लहान भुजा यांच्या बेरजेपेक्षा कमी हवी. तपासून बघा, २५ + ५२ = ७७ आणि ६० + ३९ = ९९. आता समांतर जोडी ३९ आणि ५२ ची आहे असं धरून बघा, अट लगेच मोडते. म्हणजे बाजू क्रमाने दिल्या असतील आणि चौकोन समलंब आहे एवढंच माहीत असेल, तर ज्या समोरासमोरच्या जोडीत फरक जास्त तीच समांतर. दुसरी जोडी असूच शकत नाही. आणि दोन्ही जोड्यांत फरक शून्य असेल तर तो समांतरभुज चौकोन, तिथे त्रिकोणाची भूमीच नाहीशी होते आणि युक्ती संपते.

ती पूर्ण संपायच्या आधीच डगमगू लागते, हे मात्र पुस्तकात कळत नाही, टेप हातात धरली की कळतं. समजा समांतर बाजू ६० आणि ५५ फूट, तिरक्या २६ आणि ३०. नवी भूमी फक्त ५. उंची येते १६.७ फूट, क्षेत्रफळ सुमारे ९६२. आता ६० च्या जागी टेप जरा ढिली राहून ६०.५ वाचलं गेलं. उंची एकदम १९.१ आणि क्षेत्रफळ ११०४. अर्ध्या फुटाच्या चुकीने १४२ फूट जमीन उगवली! मेव्हण्याच्या प्लॉटवर तीच अर्ध्या फुटाची चूक केली तर २ फुटांचाही फरक पडत नाही, कारण तिथे नवी भूमी २८ ची आहे. म्हणून समांतर बाजू जवळजवळ सारख्या असतील तर लंब गणिताने काढू नये, जागेवरच मोजावा, नाहीतर एक कर्ण तरी मोजावा.

इंग्रजी अमदानीतल्या मोजणीदारांनी तेच केलं. मुंबई इलाख्यातली महसूल मोजणी १८३६ च्या सुमारास इथून जवळच्या इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने बसवली आणि मग ती इकडे पसरली. ३३ फुटांची साखळी, तिचे सोळा आणे, आणि साखळीभर लांब, साखळीभर रुंद जागा म्हणजे १०८९ चौरस फुटांचा गुंठा. अशा मोजणीत शेताच्या मधून एक रेषा धरायची आणि बांधाच्या प्रत्येक वळणापासून तिच्यावर काटकोनात अंतर मोजायचं, अशी रीत होती. शेताचे मग त्रिकोण आणि समलंब पडतात, आणि प्रत्येकाचा लंब टिपणावर आधीच लिहिलेला असतो. तिरक्या बांधाची लांबी हिशेबात येतच नाही.

मेव्हण्याला मी फोनवर एवढंच सांगितलं, की मागच्या कोपऱ्यातून पुढच्या रस्त्याच्या रेषेपर्यंत टेप सरळ ताण आणि सगळ्यात कमी भरेल तो आकडा सांग. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: चोवीसला दोन इंच कमी.