मोबाईल कव्हरचा खराब लॉट: क्रेडिट मागणारं पत्र कुठे अडकतं आणि कसं लिहावं

खराब लॉट आल्यावर दुकानदाराकडून जाणारं पत्र बहुतेक वेळा दोन ओळींचं असतं: "आपण पाठवलेला माल निकृष्ट निघाला आहे, तरी रक्कम खात्यात जमा करावी." त्यावर पुरवठादाराचं उत्तर येतं की कोणत्या बिलाचा माल, किती नग आणि काय दोष ते कळवा. या पत्रापत्रीत मुदत टळते आणि खरी तक्रारसुद्धा फेटाळली जाते. म्हणून पहिलंच पत्र असं जावं की समोरच्याला विचारायला काही उरू नये.

आधी एक गोष्ट तपासा. क्रेडिट मागायचं ते निर्मितीतल्या दोषासाठी. दुसऱ्याच मॉडेलची कव्हरं आली असतील तर तो चुकीचा पुरवठा, आणि पेटीत नग कमी निघाले तर ती तूट. या दोन्ही तक्रारी वेगळ्या पत्रात करा. एकाच पत्रात सगळं कोंबलं की सर्वांत कच्च्या मुद्द्यावर बोट ठेवून पूर्ण पत्र बाजूला सारलं जातं. पारदर्शक कव्हर पिवळं पडण्याची तक्रार हा असाच कच्चा मुद्दा. मऊ पारदर्शक कव्हर बहुधा टीपीयू नावाच्या लवचिक प्लास्टिकचं असतं आणि ते ऊन आणि उष्णतेने कालांतराने पिवळं पडतंच, त्यामुळे पुरवठादार लगेच म्हणतो की तुम्ही माल नीट ठेवला नाही. सीलबंद पाकीट उघडताक्षणी कव्हर पिवळं होतं असा फोटो असेल तरच हा मुद्दा घ्या.

आता एक उदाहरण धरू. एकाच मॉडेलची 400 पारदर्शक कव्हरं आली. त्यातली 120 विकली गेली आणि गिऱ्हाईक सांगू लागले की रात्रीचे फोटो धुरकट येतात. कव्हरच्या कॅमेऱ्याचं छिद्र किंचित सरकलेलं असलं की फ्लॅशचा उजेड कव्हरच्या कडेत शिरतो आणि तिथून लेन्सवर पडतो. नुसत्या डोळ्यांना कव्हर ठीक दिसतं, म्हणूनच पुरवठादार "आमच्याकडे सगळं बरोबर आहे" असं म्हणू शकतो. त्याला वाद घालून उत्तर देऊ नका. अंधाऱ्या खोलीत त्याच फोनने, त्याच वस्तूचा, फ्लॅश लावून एक फोटो कव्हरसह आणि एक कव्हर काढून घ्या. हे दोन फोटो शेजारी शेजारी ठेवले की लांबलचक वर्णनाची गरजच राहत नाही. सोबत छिद्राच्या कडेला पट्टी धरून जवळून काढलेला एक फोटो जोडा.

कागदपत्रांत बिल आणि डिलिव्हरी चलन बहुतेकांकडे असतं. नसतो तो बॅच क्रमांक, आणि नेमका तोच मागितला जातो. हा क्रमांक कव्हरवर किंवा किरकोळ पाकिटावर क्वचितच असतो; तो असतो बाहेरच्या पेटीच्या लेबलवर, आणि पेटी तर माल लावला त्याच दिवशी फेकलेली असते. दुकानदाराने पेट्या सांभाळून ठेवाव्यात ही अपेक्षा करणाऱ्यांनी छोट्या दुकानातली जागा पाहिलेली नसते. यापुढे पेटी उघडण्याआधी लेबलचा फोटो काढून ठेवा. पण आत्ता पेटी गेली असेल तरी हातपाय गाळू नका. कव्हरची आतली बाजू उजेडात तिरपी धरून पाहा. अनेक साच्यांत एका वेळी दोन, चार किंवा अधिक कव्हरं निघतात आणि कोणतं कव्हर साच्याच्या कोणत्या खान्यातून आलं हे कळावं म्हणून आत बारीक उठावाचा आकडा असतो. त्याला कॅव्हिटी नंबर म्हणतात. खराब निघालेल्या सगळ्या नगांवर एकच आकडा दिसला आणि चांगल्या नगांवर दुसरे, तर दोष साच्याच्या त्याच खान्यात आहे हे जवळपास उघड होतं. मग साठवणुकीचं किंवा गिऱ्हाइकाच्या हाताळणीचं कारण पुढे करता येत नाही. असा आकडा प्रत्येक कव्हरवर असेलच असं नाही. नसेल तर बिल क्रमांक, चलन क्रमांक आणि माल मिळाल्याची तारीख एकत्र द्या. त्यावरून कोणती बॅच पाठवली हे पुरवठादाराला त्याच्या नोंदीत शोधता येतं.

मुदतीबाबत होणारा गैरसमज सर्वांत महाग पडतो. बिलाच्या मागे किंवा तळाशी "माल मिळाल्यापासून 7 दिवसांत" असं काही छापलेलं असतं. हे दिवस चलनावर सही केली त्या तारखेपासून मोजले जातात, पेटी उघडल्यापासून किंवा पहिली तक्रार आल्यापासून नव्हे. म्हणून दोषाची शंका आली त्याच दिवशी चार ओळींची लेखी सूचना पाठवा आणि सविस्तर पत्र तपासणीनंतर येत आहे असं लिहा. फोनवर बोललात तरी लगेच लेखी संदेश पाठवा. मुदत आधीच उलटली असेल तर पत्रात स्पष्ट मांडा की हा दोष बाहेरून तपासून दिसणारा नव्हता, आणि तो कोणत्या तारखेला, कशामुळे लक्षात आला. चलनावर "माल सुस्थितीत मिळाला" अशी सही असेल तरी तिचा अर्थ पेट्या फुटलेल्या नव्हत्या इतकाच आहे, हेही नम्रपणे नमूद करा.

नगांचा हिशेब नेमका हवा. आपल्या उदाहरणात शिल्लक 280 नग सगळे तपासले, त्यात 74 खराब निघाले. गिऱ्हाइकांनी परत केलेले 11. मागणी 85 नगांची. विकलेल्या बाकी 109 नगांचं क्रेडिट आत्ता मागू नका. ते हातात नाहीत, त्यामुळे मोजून दाखवता येणार नाहीत. दरही बिलाचा धरा, तोही सूट वजा करून, आणि कर लागला असेल तर त्या प्रमाणात करासह. विक्रीच्या दराने मागणी केली की पत्र तिथेच थांबतं. पत्राचा मुख्य भाग असा लिहिता येईल:

"वरील बिलातील 400 नगांपैकी 85 नगांमध्ये कॅमेऱ्याचे छिद्र सरकलेले आहे. त्यामुळे फ्लॅश वापरून काढलेले फोटो धुरकट येतात. सर्व 85 नगांवर आतील बाजूस 3 हा आकडा आहे. फोटो व तपासणीची यादी सोबत जोडली आहे. खराब नग वेगळे ठेवले असून ते आपण पाहू अथवा परत नेऊ शकता. या 85 नगांची बिलातील निव्वळ दराने होणारी रक्कम क्रेडिट नोटद्वारे आमच्या खात्यात जमा करावी. याच बिलातील विकलेल्या मालापैकी आणखी नग याच दोषामुळे परत आल्यास त्यांची मागणी स्वतंत्रपणे कळवू."

यात "बदली माल किंवा क्रेडिट" असं लिहू नका. पर्याय दिला की त्याच साच्यातला माल पुन्हा दारात येतो. तसंच उत्तराची वाट न पाहता पुढच्या बिलातून परस्पर रक्कम कापू नका; मग चर्चा खराब मालाची न राहता तुमच्या थकबाकीची होते. लेखी होकार येईपर्यंत एकही खराब नग टाकून देऊ नका किंवा स्वस्तात काढू नका. परत पाठवताना नग मोजून, सही घेऊन पाठवा आणि वाहतूक खर्च कोण देणार हे आधीच लिहून घ्या.

क्रेडिट नोट आल्यावर तिच्यावर मूळ बिलाचा क्रमांक आणि नगांची संख्या आहे का ते पाहा. नुसती "सद्भावनेने दिलेली सूट" असं लिहिलेलं असेल तर दुरुस्त करून मागा, कारण नंतर परत येणाऱ्या नगांची मागणी करताना हा दोष त्यांनी एकदा मान्य केला होता हे याच कागदावरून दाखवावं लागतं.