लेन्सवाल्याचा डोळा लाल, दुखरा आणि उजेड सहन होत नाही : 'आजच्या आज डॉक्टर' हा नियम कुठून आला

2023 च्या पावसाळ्यात आळंदी आणि पुण्यापासून डोळे येण्याची साथ सुरू झाली आणि बघता बघता महाराष्ट्रभर पसरली, तेव्हापासून डोळा लाल दिसला की घरातलं कुणीही पटकन सांगतं, डोळे आलेत, चार दिवसांत जातील. बहुतेकांच्या बाबतीत हे खरंही असतं. पण कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्याचा एकच डोळा लाल झाला, आत खुपतंय, ट्यूबलाइटकडेही बघवत नाही आणि लेन्स काढून तास-दोन तास झाले तरी दुखणं थांबत नाही, तर तिथे चार दिवस थांबायचं नसतं, त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर गाठायचा. डॉक्टर लोक याबाबत इतके कडक का असतात हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मऊ लेन्स आली प्रागमधून. ऑटो विख्टर्ले नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने 1961 च्या ख्रिसमसला घरच्या टेबलावर मुलांच्या मेर्कुर खेळण्याचे सुटे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून एक यंत्र बनवलं आणि त्यात पाणी धरून ठेवणाऱ्या जेलच्या पहिल्या लेन्स फिरवून तयार केल्या. त्याआधीच्या कडक लेन्स डोळ्यात टोचायच्या, ही लावल्यावर काही जाणवायचंच नाही. 1971 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने मऊ लेन्सला परवानगी दिली आणि 1981 मध्ये त्याच्याही पुढची पायरी आली, लेन्स लावूनच झोपा, सलग 30 दिवस काढू नका. लोकांना ते फार आवडलं, कारण रोजची काढघाल संपली.

भानगड इथेच सुरू झाली. डोळ्याच्या अगदी पुढचा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया, त्यात रक्तवाहिन्या नसतात, तो ऑक्सिजन मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंमार्फत घेतो. पापणी मिटली की आधीच पुरवठा कमी, त्यात वर लेन्स, म्हणजे रात्रभर तो गुदमरतो, सुजतो आणि वरची कातडी कमजोर पडते. शिवाय लेन्सखालचे अश्रू नीट बदलले जात नाहीत आणि लेन्सवर जंतूंचा चिकट थर बसतो. त्यात सुडोमोनास नावाचा जंतू असेल तर तो कॉर्नियाचा पडदा अक्षरशः विरघळवतो, एक-दोन दिवसांत डोळ्याला भोक पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

1989 मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाने याचे आकडे समोर ठेवले. दिवसा मऊ लेन्स लावून रात्री काढणाऱ्यांमध्ये वर्षाला दर 10,000 माणसांत साधारण 4 जणांना कॉर्नियाचा अल्सर होत होता आणि लेन्स लावून झोपणाऱ्या गटात साधारण 21 जणांना. त्याच वर्षी एफडीएने 30 दिवसांची मुदत 7 दिवसांवर आणायला लावली. पुढे 1999 च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्या, त्यातून ऑक्सिजन कितीतरी जास्त जातो, म्हणून वाटलं की आता प्रश्न सुटला. पण 2008 मध्ये लंडन आणि ऑस्ट्रेलियातून अभ्यास आले तेव्हा दिसलं की इन्फेक्शनचं प्रमाण काही कमी झालेलं नाही. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, कारण आजही 'माझी लेन्स भारीतली आहे, ब्रीदेबल आहे' म्हणून लोक लाल डोळा अंगावर काढतात.

मग 2006 साल. सिंगापूर, हाँगकाँग आणि अमेरिकेत लेन्स लावणाऱ्यांच्या डोळ्यात फ्युझेरियम ही बुरशी सापडायला लागली, एकट्या अमेरिकेत 164 केसेस पक्क्या झाल्या. धागा बॉश अँड लॉम्बच्या रेन्यू मॉइश्चरलॉक या लेन्स धुवून ठेवायच्या सोल्युशनपर्यंत गेला आणि ते जगभरातून मागे घेतलं गेलं. लक्षात घ्या, कारखान्यातल्या सीलबंद बाटलीत बुरशी नव्हती. सोल्युशन डबीत सुकत गेलं की त्याची मारक ताकद कमी व्हायची, आणि त्यात बरेच लोक कालचं उरलेलं फेकायच्या ऐवजी त्यावरच थोडं नवीन ओतायचे. ही सवय आपल्याकडे पण आहे, सोल्युशनची बाटली महाग पडते ना.

तिसरा शत्रू म्हणजे पाणी. अकँथामिबा हा अमिबा नळाच्या, टाकीच्या, स्विमिंग पूलच्या पाण्यात असतो. 1980 च्या दशकात अमेरिकेत मिठाच्या गोळ्या पाण्यात टाकून घरीच सलाइन बनवणाऱ्यांमध्ये त्याच्या केसेस वाढल्या तेव्हा लेन्सशी असलेलं नातं उघड झालं. हा सुरुवातीला हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूच्या इन्फेक्शनसारखा दिसतो, त्यामुळे निदान चुकतं, आणि उशीर झाला की औषध कित्येक महिने घालावं लागतं.

आता प्रत्यक्षात हे कसं घडतं ते बघू. समजा कॉलेजची एक मुलगी नागपूरहून पुण्याला रात्रीच्या बसने निघाली आणि लेन्स लावूनच झोपली. सकाळी उजवा डोळा जरा खुपतोय, तिला वाटतं धूळ गेली असेल. लेन्स काढली तर जास्त टोचतं, परत लावली तर बरं वाटतं, कारण लेन्स जखमेवर झाकणासारखी बसते, आणि याच फसव्या आरामामुळे अर्धा दिवस जातो. संध्याकाळी डोळा लालभडक, पाणी गळतंय, पापणी उघडवत नाही, उजेडात डोळ्याच्या आत कळ मारते, कारण कॉर्नियाला इजा झाली की आतली बाहुली आकसवणारे स्नायूही आवळले जातात. नीट बघितलं तर काळ्या भागावर एक छोटा पांढरट ठिपका. तो ठिपका दिसला की वेळ दवडायला नको, पण तो नाही दिसला म्हणून निश्चिंतही व्हायचं नाही, सुरुवातीला तो फक्त स्लिट लॅम्प या डॉक्टरकडच्या डोळे तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतो.

अशा वेळी हात धुऊन दोन्ही डोळ्यांच्या लेन्स काढायच्या, फेकायच्या नाहीत, डबीत घालून डबीसकट डॉक्टरकडे न्यायच्या, कारण कधी कधी जंतू त्यातच सापडतो. मेडिकलवाल्याकडून थेंब आणून घालायचे नाहीत, कारण लाली घालवणाऱ्या बऱ्याच थेंबांत स्टिरॉइड असतं, त्याने डोळा वरून पांढरा दिसतो आणि आतलं इन्फेक्शन, खासकरून बुरशीचं, मोकाट सुटतं. पट्टी बांधायची नाही. चष्म्याच्या दुकानात नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जायचं, आणि रात्र असेल तर डोळ्यांचा विभाग असलेल्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत. तिथे पहिल्या वाक्यातच सांगायचं की मी लेन्स लावते, लावून झोपले होते, नळाचं पाणी लागलं होतं.

डॉक्टर पिवळा रंग घालून निळ्या प्रकाशात बघतात, जखम हिरवी चमकते. गरज वाटली तर डोळा बधिर करून जखम खरवडून नमुना लॅबला पाठवतात. जंतूचं इन्फेक्शन असेल तर पहिले दोन दिवस दर तासाला, रात्री उठून सुद्धा, अँटिबायोटिकचे थेंब घालावे लागतात. हे वेळेत झालं तर जखम लहान असतानाच भरून येते. उशीर झाला आणि जखम बरोबर मधोमध असली तर डोळ्यात फूल पडतं, मग जंतू मेले तरी नजर धूसर राहते आणि कधी कधी कॉर्निया बदलावा लागतो.

लेन्स परत कधी लावायची हे डॉक्टरच ठरवतील, दुखणं थांबलं म्हणजे जखम भरली असं नसतं, आणि तेव्हाही जोडी नवीन, डबी नवीन, सोल्युशनची बाटली नवीन.