थ्री-अ‍ॅक्ट का एपिसोडिक? पहिल्या कादंबरीचा घोळ

भुसावळच्या एका मित्राने त्याच्या पहिल्या कादंबरीची 80 पानं वाचायला दिली. रावेरकडचं केळीवाल्यांचं घर, तीन भाऊ, एकत्र शेती. आणि विचारतो काय, तर भाऊ, हे थ्री-अ‍ॅक्टमध्ये बसवू का असंच एपिसोडिक राहू देऊ? म्हटलं, तू जे लिहिलंय ते अजून दोन्ही नाहीये, कारण एपिसोडिक म्हणजे प्लॅन नसणं असं तू धरून चाललायस.

थ्री-अ‍ॅक्टचा हिशोब सोपा आहे, सुरुवात, मध्य, शेवट असे तीन भाग, 60 हजार शब्द धरले तर साधारण 15, 30, 15 हजार. पहिल्या 15 च्या शेवटी मे महिन्यातलं वादळ कापणीला आलेली बाग आडवी करतं, म्हणून थोरला पीककर्जाचे कागद सांगून भावांच्या सह्या घेतो आणि दोन एकराचं साठेखत करून टाकतो. आता मागे फिरणं नाही. 30 हजाराच्या आसपास मधल्याच्या हाती ते साठेखत लागतं, 45 ला वाटणीचा दावा, मग शेवट. प्रकरणांमध्ये "म्हणून" किंवा "पण" बसलं पाहिजे, "आणि मग" बसत असेल तर सांधा ढिला आहे. नवा लेखक बहुतेक मधल्या 30 मध्येच अडकतो, कारण सुरुवात आणि क्लायमॅक्स आधीच डोक्यात असतो आणि मध्ये नुसतं भरण टाकत बसतो.

एपिसोडिकमध्ये हेच घर घ्यायचं, पण प्रत्येक प्रकरण म्हणजे खान्देशातल्या कानबाई देवीच्या सणाचा एक रविवार, श्रावणातला, नागपंचमीनंतरचा. दहा वर्षं, दहा प्रकरणं. प्रत्येकाचा प्रश्न त्याच प्रकरणात सुरू होऊन तिथेच संपतो: यंदा प्रसादाचे रोट खायला कोण आलं नाही? रोटांसाठी माणशी गहू मोजतात ना, तर एका वर्षी वहिनी मधल्याच्या नावाशी येऊन थांबते, मूठ अर्धी भरलेली, आणि सासूकडे बघते. बस, वाटणी झाल्याचं वाचकाला तिथेच कळतं, आणि वादळाला मग दोन ओळी पुरतात.

पण इथेही शिस्त आहेच. तिसरं आणि सातवं प्रकरण अदलाबदल करून बघायचं, कुणाला काहीच फरक कळला नाही तर ते एपिसोडिक नाही, गोळा केलेले किस्से आहेत. प्रसंग सुटे असले तरी माणसं मागच्या वर्षाचं ओझं घेऊन यायला हवीत.

मित्राच्या 80 पानांत वादळ येतं 71 व्या पानावर, आणि त्याआधी सगळं जेवणंखावणं, रुसवेफुगवे, खळ्यावरच्या गप्पा, तेही झकास लिहिलेलं. माझ्या मते त्याचा हात एपिसोडिकचा आहे, थ्री-अ‍ॅक्टसाठी त्याला यातली निदान 50 पानं फेकावी लागतील. अदलाबदलीची टेस्ट त्याने केली, दोन प्रकरणं नापास झाली. त्यातलं एक भरीत पार्टीचं होतं, ते काढायला अजून तयार नाहीये.