आईचा हिपॅटायटिस बी रिपोर्ट आणि बाळाचं 'दुसरं' इंजेक्शन: दुकानात येण्याआधी एवढं वाचा

आमचं मेडिकल प्रसूतिगृहाच्या समोर असल्यामुळे रात्री शटर वाजलं की निम्म्या वेळा कारण एकच असतं. नव्यानेच बाप झालेले गृहस्थ मोबाइल पुढे करतात आणि म्हणतात, "हिपॅटायटिस पॉझिटिव्ह आलंय, बाळाला ते महागाचं इंजेक्शन द्या." फोटोत रिपोर्टचा एक तुकडा असतो. 'रिॲक्टिव्ह' हा शब्द लाल पेनाने गोल केलेला असतो, पण तो शब्द कोणत्या तपासणीपुढचा आहे ती बाजू फोटोत आलेलीच नसते.

आमचा सगळा वेळ इथे जातो, म्हणून हे पत्रक.

हिपॅटायटिस बीच्या रिपोर्टवर एकमेकींसारखी दिसणारी तीन नावं येतात. मोबाइलवर फोटो मोठा करून अक्षरं जुळवून बघा: HBsAg, Anti-HBs आणि HBeAg. पहिलं, एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या वरच्या आवरणाचा तुकडा. तो रक्तात सापडला तर विषाणू आज आईच्या शरीरात आहे असं धरायचं. दुसरं, अँटी एचबीएस, अगदी उलट आहे. ती विषाणूशी लढणारी प्रतिपिंडं. लस घेतलेल्या माणसात ती असावीतच, आणि आकडा १० किंवा त्याहून जास्त असेल तर संरक्षण आहे असं मानतात. म्हणजे पहिल्या नावापुढचं 'पॉझिटिव्ह' काळजीचं आणि दुसऱ्या नावापुढचं समाधानाचं. बाळाला ते महागाचं इंजेक्शन इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे चिठ्ठीवर लिहितात ते एचबीआयजी, लागतं की नाही हे एचबीएसएजीवर ठरतं.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दीडला एक जण आले. रिपोर्टवर आकडा होता ३१२, पुढे 'रिॲक्टिव्ह'. चेहरा पार उतरलेला, घरून पैसे मागवायचं फोनवर चाललेलं. आम्ही म्हटलं, पूर्ण पान दाखवा. ती तपासणी अँटी एचबीएसची निघाली. बाई नर्सिंग शिकलेल्या, शिकताना लसीचे तिन्ही डोस झालेले, आणि लस लागू पडली का हे बघायला हा रिपोर्ट काढलेला. एवढ्यावरही आम्ही थांबलो नाही, कारण या रिपोर्टवरून एचबीएसएजीचा अंदाज बांधायचा नसतो. गरोदरपणाची फाइल वर वॉर्डातून मागवली. तिसऱ्या महिन्यातल्या पानावर एचबीएसएजी 'नॉन रिॲक्टिव्ह' स्वच्छ लिहिलेलं होतं. डॉक्टरांना फोन लावून दिला, त्यांनीही तेच सांगितलं. बाळाला फक्त जन्माची लस मिळाली. आमची विक्री गेली, त्याचं काही वाटलं नाही.

उलटी चूक मात्र महागात पडते. एचबीएसएजी पॉझिटिव्ह आल्यावर डॉक्टर पुढच्या तपासण्या सांगतात, त्यात तिसरं नाव येतं: एचबीईएजी. विषाणू किती जोरात वाढतोय याचा अंदाज त्यावरून येतो. ते 'निगेटिव्ह' आलं की घरचे म्हणतात, "नवीन रिपोर्ट निगेटिव्ह आलाय, आता ते इंजेक्शन नको ना?" तसं नाही हो. त्याने बाळाला लागण होण्याचा धोका कमी होतो, संपत नाही. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञ आईचं एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर एचबीईएजी काहीही आलं तरी लस आणि एचबीआयजी ही दोन्ही इंजेक्शनं देतात. मोठ्या माणसाला लागण झाली तर बहुतेक जण विषाणू आपोआप झटकून टाकतात. जन्मताना लागण झालेल्या दहांपैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो, म्हणून एवढी घाई. गरोदरपणात विषाणूसाठी गोळ्या चालू असल्या तरीही बाळाची इंजेक्शनं डॉक्टरांना न विचारता टाळू नका.

दोन्ही कशासाठी, हाही नेहमीचा प्रश्न. लस बाळाच्या शरीराला प्रतिपिंडं तयार करायला शिकवते, पण त्याला काही आठवडे लागतात. एचबीआयजीमध्ये तयार प्रतिपिंडंच असतात, ती रक्तदात्यांच्या प्लाझ्मातून काढलेली, म्हणून किंमत काही हजारांत जाते. ती लगेच कामाला लागतात आणि काही महिन्यांत विरून जातात. लस एका मांडीत, एचबीआयजी दुसऱ्या मांडीत, सिरिंजही वेगळी. शक्यतो जन्मापासून १२ तासांच्या आत.

इथे एक विनंती. एचबीआयजी मिळेपर्यंत लस थांबवून ठेवू नका. लस प्रत्येक बाळाला २४ तासांच्या आत द्यायचीच असते आणि ती सहज मिळते. फाइल गावी राहिली, रिपोर्टच सापडत नाही, असं झालं तर लस ताबडतोब द्यायची आणि आईचं रक्त त्याच वेळी तपासायला पाठवायचं. पॉझिटिव्ह आलं तर एचबीआयजी लगोलग, उशिरात उशिरा सातव्या दिवसापर्यंत देतात, पण जितका उशीर तितका उपयोग कमी. बाळ दोन किलोपेक्षा हलकं असेल तर नियम आणखी कडक आहेत, तिथे डॉक्टर रिपोर्टची फार वाट बघत नाहीत. नाळेचं रक्त मात्र यासाठी तपासून चालत नाही, त्यात आईचं रक्त मिसळलेलं असू शकतं.

आता आमच्यावरची तक्रार. चिठ्ठी आणि आईचा पूर्ण रिपोर्ट पाहिल्याशिवाय आम्ही एचबीआयजी देत नाही, आणि एकदा दिलेली कुपी परत घेत नाही. काही जण चिडतात. पण ही कुपी २ ते ८ अंशांत राहावी लागते. तुमच्या खिशात किंवा गाडीच्या डिकीत ती किती वेळ होती हे आम्हाला कळणार नाही, आणि तीच कुपी उद्या दुसऱ्याच्या बाळाला द्यायला आमचं मन धजत नाही. गोठली तरी ती बाद. म्हणून बर्फाला टेकवू नका. आम्ही डब्यात जेलपॅक आणि कुपी यांच्यामध्ये पुठ्ठा घालून देतो, तो काढू नका. डब्याचे पैसे घेत नाही, फक्त डबा परत आणा.

प्रसूती सरकारी रुग्णालयात होणार असेल तर आधी तिथेच विचारा. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात अशा बाळांसाठी एचबीआयजी मोफत देण्याची सोय आहे. बाकीच्यांनी आठवा महिना लागला की रिपोर्टच्या पूर्ण पानाचा फोटो, वरचं नाव आणि तारखेसकट, आम्हाला पाठवावा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर तुमच्या नावाची कुपी मागवून फ्रिजमध्ये ठेवतो. बाळाची बहुतेक १०० युनिटची असते, मोठ्यांच्या कुपीतून अंदाजाने काढायची वेळ येऊ देऊ नका. प्रसूतीची तारीख पुढेमागे झाली तरी आगाऊ रक्कम वाया जात नाही, कारण कुपी आमच्याच फ्रिजमध्ये असते.

इंजेक्शन दिल्यावर कुपीवरचं स्टिकर बाळाच्या लसीकरण कार्डावर चिकटवून घ्या. लसीचे पुढचे डोस ६, १० आणि १४ आठवड्यांच्या पेंटाव्हॅलंटमध्ये येतात, ते चुकवू नका. बाळाची रक्ततपासणी मात्र नऊ महिने पूर्ण झाल्यावरच करायची. त्याआधी केली तर एचबीआयजीमधली उसनी प्रतिपिंडं दिसतात आणि लस लागल्याचा खोटा भास होतो. त्या वेळी एचबीएसएजी आणि अँटी एचबीएस दोन्ही तपासायला सांगा. रिपोर्ट हातात आला की आधी नाव वाचा, मग शब्द.