शब्दयोगी अव्यये आणि इंग्रजी प्रीपोझिशन (अनुवादातील)

इंग्रजीत नाम आणि वाक्यातील इतर शब्द यांचा संबंध दाखवणारा शब्द नामाच्या आधी येतो. त्याला प्रीपोझिशन म्हणतात. मराठीत हेच काम नामानंतर, नामाला जोडून येणारी शब्दयोगी अव्यये आणि विभक्तिप्रत्यय करतात. 'ऑन द टेबल'मधल्या 'ऑन'साठी येणारे 'वर' हे शब्दयोगी अव्यय आहे, तर 'इन'साठी अनेकदा येणारा 'त' हा सप्तमीचा प्रत्यय. व्याकरणात दोघांचे खाते वेगळे असले, तरी अनुवादकाला दोन्ही सारखेच अडवतात.

'टेबल' आणि 'वर' नुसते शेजारी ठेवले की 'टेबलावर' होत नाही. आधी नामाचे सामान्यरूप होते: टेबल – टेबला, भिंत – भिंती, आंबा – आंब्या. मग अव्यय चिकटते, आणि नामाआधीचे विशेषणही बदलते: 'छोटे टेबल', पण 'छोट्या टेबलावर'. अनेकवचनाचा फरक लिहिताना एका अनुस्वारावर येतो: टेबलावर, टेबलांवर. जोडून लिहिण्याचा नियम केवळ शुद्धलेखनाचा हट्ट नाही. 'टेबलावर ठेव' म्हणजे वस्तू टेबलाच्या पृष्ठभागावर ठेव; 'टेबल वर ठेव' म्हणजे टेबलच उचलून उंचावर ठेव. दुसऱ्या वाक्यातले 'वर' क्रियाविशेषण आहे, त्याचा नात्याशी संबंध नाही. 'टेबलाच्या वर' ही तिसरीच गोष्ट. टेबलाला न टेकता त्याच्या वरच्या बाजूला लटकणाऱ्या दिव्याबद्दल असे म्हणता येते, आणि इंग्रजीत तिथे 'ऑन' चालत नाही.

इंग्रजी शब्दसमूह नामाचे विशेषण होऊन आला की अनुवादकाची खरी परीक्षा होते. 'द बुक ऑन द टेबल इज माइन' याचे 'टेबलावर पुस्तक माझे आहे' हे भाषांतर कानाला लगेच खटकते. मराठीला इथे 'चा-ची-चे' हवे: 'टेबलावरचे पुस्तक माझे आहे.' वही असती तर 'टेबलावरची', पुस्तके अनेक असती तर 'टेबलावरची पुस्तके'. इंग्रजी 'ऑन'ला पुस्तकाच्या लिंगवचनाची फिकीर नसते. पुस्तक तिथून उचलले, तर 'टेबलावरून' म्हणायचे; इंग्रजीत अशा वेळी बहुधा 'फ्रॉम द टेबल' एवढ्यावर भागते आणि 'वर'चा अंश गळतो. मराठीत तो गाळून 'टेबलातून' केले, तर वस्तू खणातून काढल्यासारखी वाटते.

'इन अ हरी'मध्ये जागा नाहीच, मनःस्थिती आहे. 'घाईमध्ये' पूर्ण चूक नव्हे, पण अवघडलेले आहे; 'एका घाईत' मात्र इंग्रजी आर्टिकलची सरळ नक्कल. मराठीत निवड वाक्याच्या अर्थाने ठरते. एखाद्याची अवस्था सांगायची असेल तर 'तो घाईत आहे', किंवा त्याहून सहज 'त्याला घाई आहे'. दुसऱ्या वाक्यात 'इन'ला उत्तरच नाही, माणूस चतुर्थीत गेला आणि घाई कर्ता झाली. क्रियेची रीत सांगायची तर 'ने' येतो: 'तो घाईघाईने निघाला.' घाईच्या भरात काही घडले, तर पुन्हा 'त': 'घाईत चष्मा विसरलो.' इथे 'घाईने विसरलो' म्हणत नाहीत, कारण विसरणे ही जाणूनबुजून, अमुक रीतीने करायची क्रिया नव्हे. हीच विभागणी 'रागाने पाहिले' आणि 'रागात बोलून गेलो' यांत दिसते, मात्र ती काटेकोर नाही. बोलण्यात सीमा पुसट होते.

दोन्ही शब्दसमूह एकाच वाक्यात घेऊन पाहावे: 'इन अ हरी शी लेफ्ट हर कीज ऑन द स्मॉल टेबल.' शब्दामागे शब्द ठेवला तर 'घाईत तिने तिच्या किल्ल्या छोट्या टेबलावर सोडल्या' असे होते. व्याकरण ठीक आहे, पण तिने मुद्दाम किल्ल्या तिथे सोडल्या असे वाटते. राहून गेल्याचा अर्थ हवा असेल, तर 'घाईत तिच्या किल्ल्या छोट्या टेबलावरच राहिल्या.' कर्ता बदलला, क्रियापद बदलले, आणि राहून गेल्याची चुटपुट दाखवणारा 'च' अव्ययाच्याही मागे जाऊन बसला.

काळाच्या शब्दसमूहांत तर मराठी इंग्रजीपेक्षा स्पष्ट बोलते. 'इन टू डेज' दोन दिवसांच्या मुदतीत की दोन दिवस गेल्यावर, हे इंग्रजीत संदर्भावरून ठरते. मराठीत 'दोन दिवसांत' आणि 'दोन दिवसांनी' यांपैकी एक निवडावेच लागते. 'ऑन मंडे'ला मात्र 'वर' लागत नाही, जुन्या सप्तमीचे 'सोमवारी' पुरते.

सामान्यरूपाचा नियम नव्या उसन्या शब्दांपुढे ढिला पडतो. बस, ट्रेन यांना एकवचनात सामान्यरूपाचा विकार होत नाही, म्हणून 'त' नीट बसत नाही आणि 'बसमध्ये', 'ट्रेनमध्ये' रूढ झाले. टेबल जुना पाहुणा असल्याने लिखाणात 'टेबलावर' हेच रूप टिकले आहे, बोलताना 'टेबलवर'ही ऐकू येते.